अकरा तारखेच्या आधी लिहा

इचलकरंजीत एखाद्या छोट्या कर सल्लागाराला स्थानिक व्यापारी जोडायचे असतील, तर त्याने महिन्याचं लेखन शुभेच्छांभोवती आखू नये, विवरणपत्रांच्या तारखांभोवती आखावं. व्यापाऱ्याचा प्रश्न त्या तारखांच्या आधी दोन-चार दिवस उभा राहतो आणि तेव्हाच तो उत्तर शोधत असतो.

ऑगस्टचंच घ्या. यंत्रमागवाल्याने जुलैमध्ये चार लाखांचं सुती सूत घेतलं. पाच टक्के जीएसटीचे वीस हजार पुरवठादाराला दिले. त्याने ११ ऑगस्टपर्यंत जीएसटीआर-१ भरलं, तर ते बिल १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसतं. पुरवठादार तिमाही विवरण भरणारा असेल आणि त्याने १३ तारखेपर्यंत आयएफएफ सुविधेत बिल टाकलं नाही, तर क्रेडिट ऑक्टोबरपर्यंत लांबू शकतं. तोवर वीस हजार अडकले. ही गोष्ट व्यापाऱ्याला ५ ऑगस्टला कळली, तर तो पुरवठादाराला फोन करू शकतो. १८ तारखेला कळून उपयोग नाही.

म्हणून पहिला मजकूर ४-५ तारखेचा: ‘तुमच्या पुरवठादाराला आजच हे विचारा.’ दुसरा १४ नंतर लगेच: २बी आणि खरेदी नोंदवही कशी जुळवायची, याचा एक नमुना, खऱ्या ग्राहकाचं नाव-आकडे न देता. १६ ते २० या दिवसांत नवं काही लिहू नका. जीएसटीआर-३बीच्या गर्दीत घाईने लिहिलेल्या मजकुरात तारीख चुकते, आणि हिशेबनीसाची चुकलेली तारीख लोक विसरत नाहीत. तिसरा मजकूर महिनाअखेरीचा, त्या महिन्यात फोनवर सर्वांत जास्त वेळा आलेल्या प्रश्नाचं उत्तर. असे प्रश्न रोज वहीत टिपून ठेवले की विषय शोधत बसावं लागत नाही. सगळं लेखन आदल्या महिन्याच्या २१ ते २८ या मोकळ्या दिवसांत उरकावं. मुदत वाढते, नियम बदलतात. पाठवण्याआधी जीएसटी पोर्टल पाहावंच.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टला एक मर्यादा आहे. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच संदेश पोचतो. नव्या व्यापाऱ्यासाठी तोच मजकूर बाजारपेठेतल्या संघटनेच्या फलकावर लावावा. सीए असाल, तर आणखी एक बंधन येतं: १९४९च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार काम मागण्यासाठी संदेश पाठवता येत नाही. माहिती द्या, ‘आमच्याकडे या’ लिहू नका, आणि संस्थेचे ताजे नियम आधी वाचा.

उपयोग होतोय का, हे लाइक्सवरून कळत नाही. नव्या माणसाला ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ असं विचारा आणि उत्तर वहीत लिहा. सहा महिन्यांत ज्या मजकुरावरून एकही फोन आला नाही, तो बंद करा.