फोटोवरून फळ्यावरचे खडूचित्र

फळ्यावर खडूने काढलेले चित्र आणि कागदावर पेन्सिलीने काढलेले चित्र यांत मूलभूत फरक आहे. कागद मुळात उजळ असतो, म्हणून पेन्सिल सावली रेखाटते. फळा मुळात काळा असतो, म्हणून खडू उजेड रेखाटतो. कॅफेच्या मेनूफळ्यासाठी फोटोपासून खडूचित्र तयार करताना बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात. फोटोचे आधी पेन्सिलचित्र करायचे आणि मग त्याचे रंग उलटे करायचे, ही सर्वत्र सांगितली जाणारी युक्ती रेषांपुरती बरोबर आहे. छटांसाठी मात्र ती पूर्ण चुकीची ठरते.

उदाहरण म्हणून एक फोटो घेऊ. गडद लाकडी टेबलावर पांढऱ्या कपात चहा आहे, शेजारी बशीत बनमस्का आहे. हा फोटो सरळ उलटा केला, तर पांढरा कप काळा होतो, चहा पांढरा होतो आणि टेबल राखाडी उजेडाने भरून जाते. चित्र जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हसारखे दिसू लागते आणि चहा दुधासारखा. खडू हातात घेतलेला चित्रकार असे कधीच करणार नाही. तो कपाची कड आणि कपावर पडलेला उजेड खडूने भरेल, तर चहाच्या जागी फळा तसाच मोकळा सोडेल. म्हणून कड्यांच्या रेषा आणि उजळ भाग हे दोन वेगवेगळ्या थरांवर वेगवेगळ्या पद्धतीने तयार करावे लागतात.

हे काम GIMP या मोफत प्रोग्रॅममध्ये करता येते. फळा ए-टू आकाराचा, म्हणजे ४२० × ५९४ मिलिमीटर छापायचा असेल आणि इंचाला १५० पिक्सेल धरले, तर चित्र २४८० × ३५०८ पिक्सेलचे होते. त्यात एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ६ पिक्सेल. हा हिशेब आधी करून ठेवण्यासारखा आहे, कारण खडूची रेषा तीनेक मिलिमीटर तरी जाड असते. चित्रातली रेषा दोन-तीन पिक्सेलची राहिली, तर पाहणाऱ्याला खडू नव्हे, पेन्सिल दिसते.

रेषांसाठी फोटोची पार्श्वभूमी प्रथम पुसून घ्यावी आणि Desaturate वापरून तो राखाडी करावा. त्या थराची प्रत काढून तिच्यावर Invert आणि मग Gaussian Blur द्यावा. धूसरपणाची त्रिज्या १२ ते १५ पिक्सेल ठेवून त्या प्रतीचा मोड Dodge करावा. या मोडमध्ये प्रत्यक्षात एक साधा भागाकार होतो: प्रत्येक बिंदूच्या उजेडाला त्याच्या आसपासच्या सरासरी उजेडाने भागले जाते. टेबलाच्या सपाट भागात बिंदू आणि त्याचा परिसर सारखेच असतात, म्हणून उत्तर एक येते आणि तो भाग पूर्ण पांढरा होतो. कपाच्या कडेला टेबलाच्या बाजूचा एखादा बिंदू ९० इतका उजळ आहे आणि आसपासची सरासरी १५० आहे असे समजू. भागाकार ०.६ येतो, म्हणजे तिथे राखाडी रेषा उमटते. यानंतर New from Visible ने नवा थर घेऊन त्यावर Invert दिला, की सपाट भाग काळे आणि कडा पांढऱ्या होतात. हाच रेषांचा थर. Levels ने त्याचा जोर वाढवता येतो.

मोबाइलवर कमी उजेडात काढलेल्या फोटोत बारीक कण असतात. या भागाकारात तेही कडा समजले जातात आणि टेबलभर पांढरे ठिपके उठतात. ठिपके दिसले तर मागे जाऊन मूळ राखाडी फोटोच एक-दोन पिक्सेलने धूसर करावा. तयार रेषांवर इलाज करत बसू नये, कारण ठिपक्यांबरोबर रेषाही पुसट होतात. टेबलावर पडलेल्या सावलीचीही कड उमटते. ती काळ्या ब्रशने खोडून टाकावी. चित्रकार ती काढत नाही.

उजळ भागांचा थर मूळ, न उलटवलेल्या राखाडी फोटोपासून घ्यायचा. Levels मध्ये काळ्याची खूण १३० च्या आसपास आणली, की चहा आणि लाकूड अंधारात जातात. उरतात ते कपाचा उजळ गाल, बशीची कड आणि मस्क्यावरची चमक. हे भाग सपाट पांढरे ठेवले तर रंग फासल्यासारखे दिसतात. खडू आडवा धरून घासला की तिरके, तुटक पट्टे उमटतात, तसे पट्टे इथे हवेत. त्यासाठी वेगळ्या थरावर बारीक कण टाकून त्यांना Linear Motion Blur मध्ये ४५ अंशांत ४० पिक्सेल ओढावे, जोर वाढवावा आणि तो थर उजळ भागांचा मास्क म्हणून वापरावा. मग या थराची अपारदर्शकता ३५ ते ४० टक्के पुरते.

आता फळा. त्याचा रंग शुद्ध काळा कधीच नसतो. पाटीच्या दगडात थोडी निळसर राखाडी झाक असते, `#2E3234` च्या जवळची. खऱ्या दगडी पाटीचा तिरप्या उजेडात काढलेला फोटो मिळाला तर उत्तमच. लहान तुकडा जोडून जोडून पोत करू नये, कारण त्याच खुणा पुन्हा पुन्हा दिसल्या की नजर लगेच पकडते. खडूचे दोन्ही थर Screen मोडमध्ये या पाटीवर ठेवावेत आणि त्यांचा पांढरा रंग किंचित पिवळट, `#EDEBE4` सारखा करावा.

चित्र खरे वाटते ते यापुढच्या टप्प्यात. खडूची भुकटी दगडाच्या उंचवट्यांवर बसते, खाचांत पोचत नाही. म्हणून रेषा तुटतात त्या पाटीच्या पोताप्रमाणेच. याच पाटीच्या पोताची प्रत घेऊन, जोर वाढवून, ती खडूच्या सर्व थरांना मास्क म्हणून लावावी. भलताच पोत लावला तर रेषांतले दाणे आणि मागचे दाणे जुळत नाहीत आणि चित्र पाटीवर चिकटवल्यासारखे दिसते. नेमके काय खटकते हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकते जरूर.

पुसट डागांना कारण असावे लागते. फडक्याने पुसलेल्या फळ्यावर हाताच्या फेऱ्याने रुंद कमानी उमटतात, म्हणून डाग कमानीतच ओढावेत. रेषांच्या थराची प्रत ६० ते १०० पिक्सेल ओढून १० ते १५ टक्क्यांवर रेषांखाली ठेवली, की नुकताच हात लागल्याचा भास होतो. आदल्या दिवशीच्या मेनूची अक्षरे ४-५ टक्क्यांवर, वाचता येणार नाहीत इतकी पुसट ठेवली तर फळा वापरातला वाटतो. डाग चित्राच्या आणि अक्षरांच्या आसपासच हवेत. कोपऱ्यांत सारखेच पसरले तर ते धुळीसारखे दिसतात.

पदार्थांची नावे आणि किमतीही याच मास्कखाली घ्याव्यात, नाहीतर खडूच्या चित्राशेजारी संगणकाची स्वच्छ अक्षरे उघडी पडतात. मात्र देवनागरीत अनुस्वार आणि मात्रा छोट्या असतात. दाण्यांत त्या हरवल्या की ‘खारी’ची ‘खार’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून अक्षरांवर मास्कचा जोर निम्मा करावा, किमतींवर त्याहूनही कमी.

छपाईत गडद छटा एकमेकींत मिसळतात आणि पडद्यावर सुंदर दिसणारी पाटी सपाट काळी येते. सनबोर्डवर मोठा फळा करण्याआधी कोपऱ्याचा तुकडा ए-फोर कागदावर खऱ्या मापात छापून पाहावा. पोत दिसेनासा झाला असेल तर पाटीचा थर थोडा उजळ करावा. लॅमिनेशन मॅटच घ्यावे. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचे प्रतिबिंब पडते, आणि खऱ्या खडूचा फळा कधी चकाकत नाही.