बल तेवढंच, शक्ती दुप्पट

ताशी ३६ किलोमीटरने धावणाऱ्या मोटारीचा वेग दर सेकंदाला थोडा वाढवायचा आहे. तेवढीच वाढ ताशी ७२ किलोमीटरला हवी असेल, तर गाडीला पुढे ढकलणारं बल तेवढंच लागतं, शक्ती मात्र दुप्पट. याचं उत्तर गतिज ऊर्जेच्या सूत्रातल्या वेगाच्या वर्गात आहे.

गतिज ऊर्जा K = ½mv², आणि शक्ती म्हणजे ऊर्जा बदलण्याचा दर. तेव्हा v² काळानुसार किती झपाट्याने बदलतो, एवढंच शोधायचं. पण v² थेट काळावर अवलंबून नाही. तो वेगावर अवलंबून आहे आणि वेग काळावर. अशा दोन टप्प्यांच्या अवलंबनासाठीच साखळी नियम आहे: वेग किंचित बदलला की v² त्याच्या 2v पट बदलतो, आणि वेग स्वतः दर सेकंदाला त्वरणाइतका, म्हणजे a ने, बदलतो. दोन्ही दरांचा गुणाकार करायचा:

dK/dt = ½m · 2v · a = (ma) · v = F · v

वर्गातून आलेल्या 2 ने ½ उडवला आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने ma च्या जागी F आलं. बल गुणिले वेग म्हणजे शक्तीच.

विद्यार्थी इथे हमखास a विसरतात. मग उत्तर mv येतं. ते संवेग आहे, त्याचं एकक वॅट नाही. एकक तपासलं की चूक लगेच कळते.

आता आकडे घालू. गाडी १००० किलोची, वेग सेकंदाला १० मीटर, त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. ऊर्जा ५०,००० ज्यूल. ०.१ सेकंदानंतर वेग १०.१ आणि ऊर्जा ५१,००५ ज्यूल होते, म्हणजे सरासरी दर १०,०५० वॅट. ०.०१ सेकंदाचाच तुकडा घेतला तर दर १०,००५ वॅट. तुकडा लहान करत गेलं की आकडा १०,००० वॅटवर येऊन ठेपतो, आणि F · v सुद्धा १००० × १० म्हणजे तेवढाच. मला या पुराव्यातला हाच भाग सर्वांत आवडतो, कारण सूत्र डोळ्यांसमोर आकार घेतं. वेग २० केला, की त्याच त्वरणाला २०,००० वॅट लागतात.

हे F मात्र निव्वळ बल आहे. महामार्गावर एकाच वेगाने धावताना इंजिन शक्ती खर्च करतं, पण हवेचा आणि रस्त्याचा विरोध तेवढाच असल्याने निव्वळ बल शून्य असतं आणि गतिज ऊर्जा बदलत नाही. शिवाय बल आणि वेग दोघांनाही दिशा आहे. v² म्हणजे वेगाचा स्वतःशीच अदिश गुणाकार. त्यालाही साखळी नियम लावला, तर बलाचा वेगाच्या दिशेतला भागच शक्तीत मोजला जातो. वर्तुळाकार कक्षेतल्या उपग्रहावर गुरुत्वबल सतत असतं, पण ते वेगाला काटकोनात असल्याने त्याची शक्ती शून्य. उपग्रहाची दिशा वळत राहते, गतिज ऊर्जा तेवढीच राहते.