वीस जणांचं काम, पंचवीस खुर्च्या

पुण्यातून चालणारी, फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी घेणारी एक हेल्पलाइन डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेदहा ते अकरा या अर्ध्या तासात तिथे १२० कॉल येतात. बोलणं आणि मग संगणकावर नोंद करणं धरून एका कॉलला सरासरी ५ मिनिटं जातात. म्हणजे ६०० मिनिटांचं काम ३० मिनिटांत उरकायचं, त्यासाठी २० माणसं. अनेकांचं बजेट या भागाकारावर उभं राहतं आणि तिथेच कोसळतं.

कारण कॉल सारख्या अंतराने येत नाहीत. एका मिनिटाला दोन येतात, पुढच्या मिनिटाला नऊ. रिकामं गेलेलं मिनिट साठवून ठेवता येत नाही, पण थांबलेला कॉल मात्र पुढे सरकत राहतो. बरोबर २० एजंट बसवले आणि कुणी फोन ठेवला नाही, तर रांग वाढतच जाते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ मध्ये या रांगेचं सूत्र मांडलं. कॉल सेंटरमध्ये आजही तेच वापरतात.

त्या सूत्रात आपले आकडे घालून पाहू. २१ एजंट असतील तर ग्राहक सरासरी पावणेचार मिनिटं ताटकळतो. २२ असतील तर दीड मिनिटाच्या आत त्याचा फोन उचलला जातो आणि २५ असतील तर साधारण १२ सेकंदांत. ‘८० टक्के कॉल २० सेकंदांच्या आत उचलायचे’ हे या धंद्यातलं रुळलेलं उद्दिष्ट. २४ जणांत ते थोडक्यात हुकतं, २५ जणांत साधतं. मग एजंटचा पाचवा हिस्सा वेळ मोकळा राहतो, आणि मालकाला तीच उधळपट्टी वाटते. मला ती अजिबात वाटत नाही. एकामागून एक चिडलेला ग्राहक, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही, अशा खुर्चीवर माणसं टिकत नाहीत.

आता दिवसाचं गणित. हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८, आठवड्याचे सातही दिवस चालते. ८ ते १० या वेळात १२ जण लागतात, १० ते १ मध्ये २५, दुपारी ५ पर्यंत १६ आणि नंतर २०. एकूण रोज २२३ तास कुणीतरी फोनवर हवं, म्हणजे आठवड्याला १,५६१ तास. सातही दिवस सारखेच धरले आहेत, प्रत्यक्षात सोमवार जड जातो. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याच्या कामाची मर्यादा ४८ तास आहे. भागाकार केला की उत्तर ३३ जण.

पण पगार मिळणारे सगळे ४८ तास माणूस फोनवर नसतो. रजा, आजारपण, चहाची सुट्टी, ट्रेनिंग, टीमची बैठक. या गळतीला ‘श्रिंकेज’ म्हणतात. आपण ती ३० टक्के धरू. मग प्रत्येकाचे ३३.६ तासच हाती लागतात आणि ४७ माणसं लागतात. इथे एक चूक हमखास होते. ३३ मध्ये ३० टक्के मिळवून ४३ काढतात, खरं तर ०.७ ने भागायला हवं. या चार माणसांची उणीव पुढे वर्षभर रोस्टरमध्ये टोचत राहते.

शिवाय शिफ्ट आठ तासांची असते, गर्दी मात्र तीन तासांची. दहा वाजता बोलावलेले लोक दुपारीही तिथेच असतात. शिफ्टच्या वेळा एकमेकींवर कितीही सरकवल्या तरी काही तास वाया जातात. त्यासाठी १० टक्के धरले की आकडा ५२ वर जातो.

पैशांचे आकडे नमुन्यादाखल घेऊ. हातखर्चाच्या कपातीआधीचा पगार २०,००० रुपये. भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, ग्रॅच्युइटी आणि बोनस धरून कंपनीला एक माणूस महिना २४,००० ला पडतो. ५२ जणांचे १२ लाख ४८ हजार. पंधरा जणांमागे एक या हिशेबाने चार टीम लीडर, ४०,००० प्रमाणे १ लाख ६० हजार. वर्षात २१ जण सोडून गेले आणि प्रत्येक नव्या माणसाला कॉल न घेता महिनाभर शिकवावं लागलं, तर वर्षाला ५ लाख ४ हजार, महिन्याला ४२,०००. बेरीज साडेचौदा लाख. ३३ जणांच्या हिशेबाने हाच आकडा आठ लाखांच्या आत दिसला असता. जागा, संगणक आणि सॉफ्टवेअर वेगळंच. हेल्पलाइन रात्रीही चालवायची ठरली, तर रात्रपाळीच्या महिला कर्मचाऱ्यांची संमती, सुरक्षा आणि घरापर्यंतच्या गाडीची सोय कायद्याने कंपनीवर येते, तो खर्च आणखी.

कमी माणसांत भागवलं की ते आधी कॉलच्या आकड्यांत उमटतं. कंटाळून फोन ठेवलेला ग्राहक पुन्हा फोन करतो, आणि १२० चे १५० दिसू लागतात. पुढच्या वर्षीचा अंदाज त्या १५० वर बांधला तर तो फुगतो. म्हणून एकाच नंबरवरून त्याच दिवशी परत आलेले कॉल आधी वेगळे काढावेत.

खर्च कमी करायचा तर सगळ्यात मोठी जागा त्या वाया जाणाऱ्या १० टक्क्यांत आहे. सकाळच्या गर्दीपुरती चार तासांची अर्धवेळ माणसं घेतली की दुपारच्या रिकाम्या खुर्च्या घटतात. मात्र त्यांचं ट्रेनिंग पूर्णवेळ माणसाइतकंच महिनाभर चालतं, त्यामुळे ती लवकर सोडून जाणारी असतील तर ही बचत तिथेच संपते.