पाकिटातले फुकट खेळणे : चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेड-लातूरकडच्या किराणा दुकानांवर आणि टपऱ्यांवर पाच रुपयांच्या खाऊच्या पाकिटांच्या माळा टांगलेल्या असतात. त्यांतल्या काही पाकिटांत मक्याच्या कुरकुरीत खाऊसोबत भोवरा, शिट्टी किंवा इवलीशी गाडी निघते. शाळेपासून दूर असलेल्या दुकानाला हे विकायला मनाई नाही. तरीही ते विकावे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो बहुतेक वेळा पुढील चार समजुतींआड दडतो.

गैरसमज १ : शाळेजवळ असा खाऊ विकायला बंदी आहे, म्हणजे प्रश्न मिटला.

बंदी आहे, हे खरे. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवायला सांगितले. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे विनियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. पण ५० मीटर चालायला मुलाला मिनिटही लागत नाही. एकावन्नाव्या मीटरवरच्या दुकानात तेच पाकीट, तेच मूल आणि तोच पाच रुपयांचा ठोकळा असतो. नियमाने अंतर ठरवले. त्यापलीकडे मुलाचे वय आणि त्याची समज बदलत नाही.

गैरसमज २ : खेळणे ही केवळ भेट आहे, ती जाहिरात नव्हे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या व्याख्येत वेष्टन आणि लेबल हीसुद्धा जाहिरातच आहे. म्हणून ‘आत खेळणे फुकट’ असे छापलेले पाकीट स्वतःच जाहिरात ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे इथे नीट वाचायला हवीत. मुलांच्या वाहिनीवर चिप्स किंवा शीतपेयांची जाहिरात करू नये, असे ती स्पष्ट सांगतात. मात्र भेटवस्तूचे आमिष दाखवून मुलांना गरज नसलेली वस्तू घ्यायला लावणाऱ्या जाहिरातींना ‘परावृत्त करावे’ एवढेच म्हणतात. म्हणजे हे बरे नाही, हे कायद्यानेही ओळखले आहे; फक्त थांबण्याचा निर्णय विकणाऱ्यावर सोडला आहे. स्वयंसंयमाची खरी जागा हीच.

गैरसमज ३ : मुलाला आवरणे हे पालकांचे काम.

पालकांची जबाबदारी आहेच. पण पाच रुपयांची किंमत मुलाच्या हातातल्या नाण्याला साजेशी ठेवलेली असते. त्या खरेदीच्या वेळी पालक अनेकदा शेतात किंवा कामावर असतात. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कृतिदलाने २००४ मध्ये निष्कर्ष काढला की आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागचा पटवण्याचा हेतू ओळखता येत नाही. मोठा माणूस खाऊची चव आणि किंमत तोलतो. मूल खेळण्यासाठी खाऊ घेते. ज्याला आमिष ओळखताच येत नाही, त्याच्या पसंतीला मोकळी निवड म्हणणे प्रामाणिक नाही.

गैरसमज ४ : पाकीट लहान, खेळणे इवलेसे; त्याने काय बिघडते?

अशा खाऊच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा चरबी असू शकते. वीस ग्रॅमच्या दोन पाकिटांत मग जवळपास तीन छोटे चमचे तेल पोटात जाते. एखाद्या दिवशी त्याने फारसे बिघडत नाही. पण वेगवेगळी खेळणी जमवण्याची ओढ त्याची रोजची सवय करते. खेळण्याचा धोका आणखी थेट आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आंध्र प्रदेशातील एलुरू येथे खाऊच्या पाकिटातले खेळणे घशात अडकून चार वर्षांचे मूल दगावले. भारतात जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. तरी घशात अडकतील अशा लहान भागांवरची मनाई तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरती असते. थोरल्याने घेतलेले पाकीट घरी दोन वर्षांच्या धाकट्याच्या हाती पडते, हे त्या चिन्हाला रोखता येत नाही.

आता दुकानदाराचा आक्षेप : ‘मी थांबलो तर शेजारचा विकेल.’ आक्षेप रास्त आहे, कारण पाच-पाच रुपयांवरच अनेक टपऱ्यांचा संसार चालतो. म्हणूनच संयमाची सुरुवात उत्पादक आणि वितरकाकडून व्हावी. चिलीने २०१६ पासून जादा साखर, मीठ किंवा चरबीच्या पदार्थांसोबत मुलांना खेळण्याचे आमिष द्यायला बंदी केली. खाऊची विक्री तिथे चालूच राहिली, फक्त आमिष गेले. इथेही खाऊ बंद करण्याची गरज नाही. खाऊ खाऊ म्हणून विकावा आणि खेळणे वेगळ्या किमतीला, वय लिहून विकावे. दुकानदारानेही माळ मुलांच्या नजरेच्या उंचीवरून हलवून तिथे फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू मांडावेत. यात मोठा तोटा नाही.

नांदेड-लातूरच्या वितरकांनी आणि व्यापारी संघटनांनी पुढचा माल घेताना एवढे ठरवावे : खेळणे दडवलेला खाऊ आपण घेणार नाही. त्यासाठी नव्या नियमाची वाट पाहायची गरज नाही.