शेजारी बेसमेंट खोदलं की आपल्या भिंतीला तडा का जातो?

25 जून 2018 ची पहाट. मुंबईत मुसळधार पाऊस सुरू होता आणि वडाळ्याच्या अँटॉप हिल भागात लॉइड्स इस्टेट या सोसायटीची आवाराची भिंत कोसळली. पलीकडच्या प्लॉटवर बांधकामासाठी खोल खड्डा खणलेला होता. भिंतीपाठोपाठ जमिनीचा तुकडा खाली गेला आणि त्यावर उभ्या असलेल्या गाड्याही खड्ड्यात पडल्या. जीवितहानी झाली नाही, पण चिखलात एकमेकींवर पडलेल्या गाड्यांचे फोटो दिवसभर फिरत होते.

असे फोटो क्वचितच येतात. बहुतेक ठिकाणी काही कोसळत नाही. शेजारी पोकलेन येतो, महिनाभर धडधड चालते आणि एक दिवस बेडरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी रेघ निघालेली दिसते. बिल्डर म्हणतो, तडा जुनाच आहे. सोसायटी म्हणते, नवा आहे. खड्ड्याच्या कडेला तर लोखंडी भिंत ठोकलेली असते, आडवे टेकूही लावलेले असतात. मग जमीन हलली कशी?

लोखंडी भिंत नेमकं काय करते?

या भिंतीला शीट पाइल म्हणतात. पन्हळीसारख्या वळणाचे लांब पोलादी पत्रे एकेक करून जमिनीत उभे घालतात. प्रत्येकाच्या कडेला आकडीसारखी खाच असते. शेजारचा पत्रा त्या खाचेत अडकवून खाली सरकवला की सलग भिंत तयार होते. तिचं टोक खड्ड्याच्या तळाच्या बरंच खाली ठेवतात, म्हणजे तळाखालची माती तिला पायाशी धरून ठेवते.

वरच्या भागाला मात्र वेगळा आधार लागतो. त्यासाठी भिंतीच्या आतल्या बाजूनं आडवा पोलादी गर्डर बसवतात, तो वेलर. समोरासमोरच्या दोन वेलरमध्ये अडकवलेला जाड पोलादी टेकू म्हणजे स्ट्रट. एका बाजूची माती जितक्या जोरानं आत ढकलते, तो जोर स्ट्रटमधून पलीकडच्या भिंतीवर जातो आणि तिकडची माती त्याला उलटा रेटा देते. खड्ड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना टेकून उभ्या राहतात.

हा जोर किती असतो? समजा, दोन मजली पार्किंगसाठी 6 मीटर खोल खड्डा घ्यायचा आहे. माती वाळूमिश्रित आहे आणि अगदी कडेला तीन मजली जुनी इमारत आहे. अशा मातीचा भिंतीवरचा आडवा दाब दर चौरस मीटरला साधारण 2.4 टन धरला जातो. इमारतीचं वजन दर चौरस मीटरला 4 टन धरलं, तर त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग आडव्या दाबात येतो. दोन्ही मिळून 3.7 टन, आणि 6 मीटर उंचीला भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर जवळपास 22 टन. स्ट्रट दर 4 मीटरवर आणि दोन थरांत असतील, तर एका स्ट्रटच्या वाट्याला 44 टन येतात. खडीनं भरलेल्या दहाचाकी डंपरचं वजन 28 टनांच्या आसपास असतं. म्हणजे दीड डंपर टेकूच्या टोकावर उभा आहे, फक्त आडवा.

हा हिशेब कोरड्या जमिनीचा झाला. शीट पाइल पाणी बऱ्यापैकी अडवतात, त्यामुळे पावसाळ्यात भिंतीमागे पाणी साचतं आणि त्याचा दाब वेगळा मोजावा लागतो. जमिनीखाली एक मीटरवर पाणी असेल, तर या 6 मीटरच्या खड्ड्यात प्रत्येक मीटर लांबीमागे पाण्याचेच सुमारे साडेबारा टन येतात. पाण्याखालच्या मातीचा दाब थोडा कमी होतो, पण एकूण बेरीज वाढतेच.

मग तडा येतो कुठून?

भिंत ताठ वाटली तरी ती वाकते. आणि ती सगळ्यात जास्त वाकते ती खोदकाम झालेलं असतं पण टेकू लागलेला नसतो, त्या मधल्या काळात. भिंत जितकी आत आली तितकी मागची माती तिच्यामागून सरकते आणि वरची जमीन खाली बसते. नंतर टेकू लावला तरी झालेली हालचाल परत जात नाही, फक्त पुढची थांबते.

म्हणून या कामात क्रमाला इतकं महत्त्व आहे. आधी एक ते दीड मीटर खोदायचं आणि थांबायचं. पहिला वेलर आणि स्ट्रट बसवायचा. मग हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रटमध्ये आधीच दाब भरायचा, बहुतेक वेळा अपेक्षित भाराच्या निम्म्यापर्यंत, आणि फटींत पोलादी पाचरी ठोकायच्या. नुसता टेकू ठेवला आणि टोकाशी 10 मिलिमीटरची फट राहिली, तर भिंत आधी ते 10 मिलिमीटर आत येणार आणि मगच टेकू काम करू लागणार. जॅकनं ही ढिलाई काढली की दुसऱ्या थराच्या जेमतेम अर्धा मीटर खालपर्यंतच खोदायचं आणि पुन्हा थांबायचं.

गडबड इथेच होते. पोकलेनचं भाडं तासावर चालू असतं, डंपरची रांग लागलेली असते आणि टेकू आडवे आले की मशिनला फिरायला जागा उरत नाही. त्यामुळे 'आजच्या दिवस अजून एक मीटर घेऊ, टेकू उद्या लावू' हा मोह होतो. ही एका रात्रीची सवलत शेजारच्या इमारतीला सगळ्यात महाग पडते.

नीट केलेल्या कामात, वाळू किंवा घट्ट मातीत, भिंत साधारणपणे खोलीच्या 0.2 टक्के हलते. आपल्या 6 मीटरच्या खड्ड्यासाठी ते झाले 12 मिलिमीटर. मऊ चिखलमातीत, किंवा काम ढिसाळ असेल तर, जमीन खोलीच्या 1 टक्क्याहून जास्त बसू शकते, म्हणजे 60 मिलिमीटर आणि त्यापुढे. मृदा अभियांत्रिकीतले मोठे नाव राल्फ पेक यांनी 1969 मध्ये प्रत्यक्ष खड्ड्यांच्या मोजमापांवरून असे पट्टे आखले होते. मऊ मातीत परिणाम खड्ड्याच्या खोलीच्या काही पट अंतरापर्यंत पोहोचतो, हेही त्यातून दिसलं.

इमारत सगळीच्या सगळी सारखी बसली तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते एक खांब बसला आणि पुढचा तसाच राहिला तर. 5 मीटर अंतरावरच्या दोन खांबांत 10 मिलिमीटरपर्यंतचा फरक बहुतेक इमारती सोसतात. तो 17 च्या आसपास गेला की विटांच्या भिंतींना तडे दिसू लागतात. वरच्या आकड्यांशी हे ताडून पाहिलं तर लक्षात येईल की नीट केलेलं काम आणि तडा यांच्यातलं अंतर बोटभरसुद्धा नाही.

टेकू मजबूत, जोड कच्चा

20 एप्रिल 2004 ला सिंगापूरमध्ये निकोल हायवेलगत मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी चाललेलं खोदकाम कोसळलं आणि चार जणांचा मृत्यू झाला. तिथली भिंत शीट पाइलची नव्हती, काँक्रिटची होती आणि खड्डा सुमारे 30 मीटर खोल गेला होता. पण आधाराची पद्धत हीच होती, वेलर आणि स्ट्रट. नऊ थर लागले होते, दहाव्यासाठी खोदाई चालू होती.

चौकशीत जो मुद्दा पुढे आला तो स्ट्रट आणि वेलर जिथे मिळतात त्या जोडाचा होता. जोडाची ताकद हिशेबात जास्त धरली गेली होती आणि वेलरला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या जागी काही ठिकाणी सी आकाराचे चॅनेल वापरले होते. ते ठरावीक भाराला चेपले की पुढे अचानक ताकद सोडतात. मऊ मातीत भिंतीवर किती भार येईल हा अंदाजही कमी निघाला होता. कोसळण्याआधी सकाळपासून कामगारांना धातूवर घण पडल्यासारखे आवाज येत होते आणि वेलर वाकलेले दिसत होते.

एक जोड गेला की त्याचा भार शेजारच्या टेकूंवर जातो. त्यांचे जोडही तसेच असतील तर तेही जातात. म्हणून चांगल्या डिझाइनमध्ये 'कुठलाही एक स्ट्रट काढला तर बाकीचे टिकतील का?' हे वेगळं तपासलेलं असतं.

हालचाल कळते कशी?

साइटवर भिंतीलगत उभ्या नळीत इन्क्लिनोमीटर सोडून भिंत कुठल्या खोलीवर किती वाकली ते मोजतात. स्ट्रटवर भारमापक लावतात. त्याचे आकडे मात्र दररोज एकाच वेळी घ्यायला हवेत. 20 मीटरचा पोलादी टेकू 20 अंशांनी तापला तर जवळपास 5 मिलिमीटर लांबू पाहतो आणि दोन्हीकडून अडवल्यामुळे त्यातला भार वाढतो. दुपारचा आकडा आणि पहाटेचा आकडा शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष फसवा असतो.

शेजारच्यांना यंत्रांशिवायही बरंच दिसतं. प्लास्टर सुकून पडलेले तडे केसासारखे बारीक आणि जाळीदार असतात. पाया बसल्याचा तडा बहुधा दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जातो आणि एका टोकाला रुंद असतो. दार अचानक चौकटीला घासू लागणं, जिन्याची पायरी आणि इमारत यांच्यात फट पडणं, खड्ड्याला समांतर अशी जमिनीवर रेघ उमटणं, ही खुणेची लक्षणं. तडा वाढतोय का हे बघायला त्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून तारीख लिहून ठेवायची जुनी रीत आजही चालते. काच तुटली म्हणजे हालचाल चालू आहे. आणि जुना-नवा हा वाद टाळायचा असेल, तर खोदकाम सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांसमोर प्रत्येक घराचे फोटो आणि तड्यांची नोंद झालेली असावी लागते. नंतर ती करता येत नाही.

आणखी एक खूण पंपाच्या पाइपाशी दिसते. खड्ड्यातून उपसलेलं पाणी सतत गढूळ येत असेल, तर भिंतीच्या फाटलेल्या खाचेतून किंवा तळातून मातीचे कण वाहून येत आहेत, म्हणजे शेजारच्या पायाखालची माती पाइपातून बाहेर पडते आहे. स्वच्छ पाणी उपसणंही पूर्ण निर्धोक नसतं. भूजल एक मीटर खाली गेलं की खालच्या मातीवर दर चौरस मीटरला सुमारे एक टन जादा भार येतो आणि मऊ माती हळूहळू दबते.

सगळीकडे शीट पाइल चालतात का?

नाही. मुंबईच्या सखल भागातल्या चिखलमातीत आणि भरावात ते उतरतात. पुण्यात किंवा नाशिकमध्ये अनेक ठिकाणी काही मीटर मुरूम लागला की खाली काळा पाषाण येतो. त्यात पत्र्याचं टोक जात नाही आणि जबरदस्तीनं ठोकलं तर ते मुडपतं. पाया न रोवलेली भिंत तळाशी आत सटकू शकते. अशा जागी खडकात भोकं पाडून ओळीनं काँक्रिटचे पाइल ओतणं जास्त बरं.

ठोकण्याचाही प्रश्न असतो. कंपन देणाऱ्या हॅमरनं सैल वाळू दाटते आणि खोदकाम सुरू होण्याआधीच शेजारची जमीन बसते. जुन्या इमारतीलगत पत्रे हायड्रॉलिक दाबानं सावकाश खाली रेटणारी यंत्रं वापरतात. ती महाग पडतात.

बेसमेंट बांधून झाल्यावरचा टप्पा तर बहुतेकांच्या ध्यानातच नसतो. खालचा स्लॅब पुरेसा पक्का झाल्यावरच खालचे टेकू काढायचे असतात, कारण आता तो रेटा स्लॅबला घ्यायचा असतो. शेवटी शीट पाइल उपटले की पत्र्याला चिकटलेली माती सोबत वर येते, मागे पोकळी राहते आणि सहा महिने शांत असलेल्या शेजारच्या भिंतीत तडा तेव्हा उमटतो. ही पोकळी लगेच ग्राउटनं भरावी लागते. इमारत अगदी खेटून असेल तर अनेक अभियंते पत्र्यांच्या किमतीवर पाणी सोडतात आणि ते तिथेच गाडलेले राहू देतात.