‘बडे ट्रेडर लाँगमध्ये’ म्हणजे भाव वाढणारच का? एका आकड्याची दोन तोंडं

बायनान्सच्या फ्युचर्स बाजारात ‘टॉप ट्रेडर लाँग-शॉर्ट रेशो’ नावाचा आकडा दिसतो. तो एकच्या वर असला, की बडे लोक तेजीत आहेत असं समजून अनेक जण खरेदी करतात. पण हे बडे कोण? नफा कमावण्यात हुशार असलेले नव्हेत, तर ज्यांच्या खात्यात मार्जिनची रक्कम सर्वात जास्त आहे असे वरचे २० टक्के. पैसा जास्त म्हणजे अंदाज बरोबर, असं काही नसतं.

शिवाय हा रेशो दोन प्रकारे मिळतो. एक खात्यांचा, दुसरा पोझिशनचा. समजा, असे दहाच बडे ट्रेडर आहेत. सात जणांनी प्रत्येकी १ बिटकॉइनचं लाँग घेतलंय, तर तिघांनी प्रत्येकी १० बिटकॉइनचं शॉर्ट केलंय. खाती मोजली तर सातास तीन, म्हणजे २.३३. तेजीच तेजी! पण सौदे मोजले तर लाँग ७ आणि शॉर्ट ३०, म्हणजे जेमतेम ०.२३. माणसं तीच, वेळ तीच, चित्र मात्र नेमकं उलटं. पहिल्या आकड्यात १ बिटकॉइनवाला आणि १० वाला यांचं वजन सारखंच धरलं जातं.

मग दुसरा आकडा खरा मानून मंदी धरावी का? तिथंही घाई नको. त्या तिघांकडे प्रत्येकी १० बिटकॉइन प्रत्यक्ष विकत घेऊन ठेवलेले असू शकतात. भाव पडला तर फ्युचर्समध्ये जेवढा फायदा, साधारण तेवढाच तोटा हातातल्या नाण्यांवर. म्हणजे भाव कुठंही गेला तरी त्यांना फारसा फरक पडत नाही. त्यांचं लक्ष फंडिंगवर असतं. फंडिंगचा दर धन असतो तेव्हा लाँगवाले शॉर्टवाल्यांना ठरावीक वेळाने, बहुधा दर आठ तासांनी, पैसे देतात. हातातली नाणी किंवा दुसऱ्या एक्स्चेंजवरचे सौदे या रेशोत दिसतच नाहीत.

आणखी एक गोष्ट विसरू नये. फ्युचर्समध्ये प्रत्येक लाँगसमोर एक शॉर्ट असतोच. वरच्या उदाहरणात बड्यांकडे २३ बिटकॉइनचं शॉर्ट जास्त आहे, म्हणजे तेवढंच लाँग बाकीच्यांकडे आहे. हा रेशो सौदे कुणाकडे आहेत ते सांगतो, का आहेत ते नाही.

म्हणून दोन्ही रेशो शेजारी ठेवून ओपन इंटरेस्ट, म्हणजे उघड्या सौद्यांची बेरीज, पाहावी. रेशो वाढतोय पण ओपन इंटरेस्ट घटतोय, तर नवी खरेदी नसून जुने शॉर्ट बंद होत असण्याची शक्यता जास्त. बड्यांचं शॉर्ट वाढतंय, ओपन इंटरेस्टही वाढतोय आणि फंडिंग धनच राहिलंय, तर ती मंदी नसून फंडिंगची कमाईही असू शकते. नुसत्या रेशोवर पैसे लावणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.