रात्री कुणी वापरत नाही ते पाणी : सोसायटीच्या बैठकीतलं छोटं भाषण
(अमळनेर येथील एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत झालेलं बोलणं, शब्दांकित)

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत, त्यामुळे थेट आकड्यावरच येतो.

गेल्या सभेत आपल्याकडे वाद झाला. टाकी लवकर रिकामी होते, मग जास्त पाणी वापरतं कोण? कुणी म्हणालं खालचे गाड्या धुतात, कुणी म्हणालं वरच्यांकडे पाहुणे फार. तापीचं पाणी आपल्याकडे रोज येत नाही, मधे दिवस जातात, आणि त्या दिवसांत गच्चीवरची टाकी हाच आपला आधार. ती आटली की टँकर. म्हणून लोक चिडतात, ते बरोबरच आहे. पण भांडणाआधी एक माप घ्यावं, असं मला वाटलं.

सगळे झोपलेले असताना पाणी किती जातं, ते बघायचं. रात्री १२ ला पंप बंद आहे याची खात्री केली, टाकीत लाकडी पट्टी उभी धरली, ओली खूण कुठे येते ते लिहून ठेवलं. पहाटे साडेचारला पुन्हा तेच. आपली टाकी आतून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद. म्हणजे पाणी १ सेंटीमीटर उतरलं की ६० लिटर गेलं. तीन रात्री मोजलं. दोनदा ५ सेंटीमीटर उतरलं, एकदा ६. पाचच धरू. साडेचार तासांत ३०० लिटर!

आता रात्री कुणी उठत नाही असं नाही. (हशा) चार वेळा फ्लश झाला, जुन्या टाकीचे दहा दहा लिटर धरले, तर ४० लिटर. उरले २६०. तासाला साधारण ५८ लिटर. गळती दिवसाही थांबत नाही, फक्त दिवसा ती आपल्या वापरात लपते. २४ तासांचा हिशोब केला तर चौदाशे लिटरच्या जवळ जातो. नळाला पाणी चार दिवसांनी आलं असं समजा, तर तेवढ्यात साडेपाच हजार लिटर. एक छोटा टँकर आपण कुणीही न वापरता गटारात सोडतो, आणि तेही दोनदा वीज जाळून गच्चीवर चढवलेलं पाणी.

मग हे जातं कुठून? पहिला संशय ठिबकणाऱ्या नळावर, कारण तो दिसतो आणि ऐकू येतो. मुंबईचे लेखक आणि व्यंगचित्रकार आबिद सुरती यांचं काम तुम्हाला माहीत असेल. २००७ साली त्यांनी मीरा रोडला रविवारी प्लंबर सोबत घेऊन घरोघरी जायला सुरुवात केली, गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. पहिल्या वर्षी १,६६६ घरं झाली आणि ४१४ नळ दुरुस्त झाले. म्हणजे साधारण चार घरांमागे एक नळ. आपली २४ घरं, तोच हिशोब लावला तर सहा नळ निघतील.

नळाचं नुकसान थेंब मोजून काढू नका, थेंब लहानमोठे असतात. पाव लिटरचा पेला खाली ठेवा आणि घड्याळ बघा. दहा मिनिटांत भरला तर तासाला दीड लिटर, दिवसाला ३६. आणि हा बरा जोरात ठिबकणारा नळ झाला. असे सहा धरले तरी तासाला ९ लिटर होतात. आपले जातात ५८. म्हणजे नळ सगळे नीट केले तरी मोठा भाग राहतोच. तो जातो कमोडच्या फ्लश टाकीतून. तिथे थेंब पडत नाही, पाण्याचा पातळ पापुद्रा भांड्याच्या मागच्या भिंतीवरून गुपचूप उतरतो. आवाज नाही, फरशी ओली नाही. मिनिटाला एक पेला असा गेला तरी तासाला १५ लिटर. अशा तीन टाक्या निघाल्या की आपला हिशोब जवळजवळ जुळतो.

ओळखायचं कसं? फ्लश टाकीचं झाकण काढा, कपड्याची नीळ किंवा खायचा रंग थोडा टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकी गळते. टाकी भिंतीत दडवलेली असेल तर भांड्याची मागची बाजू फडक्याने कोरडी करा आणि टिश्यू पेपर चिकटवा. तो वरून ओला होत आला तर तेच समजा.

रंग उतरला, पण चूक वरची की खालची? इथे लोक फसतात, नको तो भाग बदलतात. टाकीच्या आत एक उभी नळी असते, जास्तीचं पाणी तिच्यातून भांड्यात जातं. अँगल कॉक बंद करा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करा, अर्धा तास थांबा. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली उतरत गेली तर तळाचं रबर धरत नाहीये. आणि पाणी नळीच्या तोंडाशी येऊन तिथेच थांबलं तर दोष वरच्या फ्लोट व्हॉल्वचा, तो वेळेवर बंद होत नाही आणि पाणी सतत नळीत सांडतं. फ्लोट थोडा खाली घेऊन बघा, पाणी नळीच्या तोंडाच्या बोटभर खाली थांबायला हवं. तरी भरणं थांबत नसेल तर व्हॉल्व बदला.

तळाचं रबर का बिघडतं? बऱ्याचदा रबर चांगलं असतं, त्याच्या बैठकीवर क्षार किंवा गाळ बसलेला असतो. आपण बोअरचं पाणी मिसळतो, पावसाळ्यात नळालाही गढूळ येतं. आधी पुसून, लिंबू लावून घासून बघा. रबर बोटाला काळं लागत असेल किंवा ताठ झालं असेल तर मात्र बदलायचं. आणि टाकीत टाकायच्या त्या निळ्या वड्या बंद करा. क्लोरीनच्या असतील तर रबर खातात, शिवाय पाणी आधीच निळं असल्यामुळे आपली परीक्षाही होत नाही.

नळाचं एकच सांगतो. ठिबकतो म्हणून जोरात आवळू नका. वायसर कापला जातो, मग आतली बैठकही घासते, आणि नवा वायसर महिन्याभरात पुन्हा गळतो. असं झालं तर नळच बदला. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळाला वायसर नसतो, आतला अख्खा भाग बदलावा लागतो.

(एका सभासदाचा प्रश्न : कुणी घरात येऊ देत नसेल तर?)

तर आधी गच्चीवरून शोधू, नाना. टाकीतून चार लाइनी खाली उतरतात, प्रत्येकीला कॉक आहे. रात्री एकेक लाइन बंद ठेवून तेच माप घ्यायचं. जी बंद केल्यावर पाणी उतरायचं कमी होतं, त्या लाइनीची सहा घरं. मग चोवीस दारं वाजवावी लागत नाहीत, आणि त्या सहांनाही सांगता येतं की तुम्ही जास्त वापरता असं कुणी म्हणत नाही, फक्त टाकी बघायची आहे.

पहिली लाइन आज रात्री १२ ला बंद करतो, साडेचारला उघडतो. त्या बाजूच्यांनी एक बादली भरून ठेवा. पट्टी वॉचमनच्या खोलीत आहे. पहाटे मोजायला आणखी एक माणूस लागेल, बॅटरी धरायला.